पोथीवर बोलणं म्हणजे भक्ताला बोलणं नव्हे

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण वाचल्याशिवाय खाली काही लिहू नका. सध्या आपल्या भागात जे चाललंय ते न वाचता बोलण्यामुळेच चाललंय.

विषय तुम्हाला माहीत आहे. आपल्या तालुक्यातल्या एका मुलीने एम.ए.ला असताना दुर्गा सप्तशतीवर एक पेपर लिहिला आणि एका चर्चासत्रात वाचला. सप्तशतीचा अर्थ सांगताना पुरुषी दृष्टी कुठे कुठे शिरते, हा त्याचा विषय. चौदा पानं आहेत. त्यातल्या नवव्या पानावरच्या एका वाक्याचा फोटो काढून कोणीतरी व्हॉट्सअॅपवर सोडला आणि वर लिहिलं, "वणीच्या देवीचा आणि लाखो भक्तांचा अपमान." झालं. तीन दिवसांत तो फोटो कळवणपासून पिंपळगावपर्यंत फिरला. आता मुलीने माफी मागावी असं म्हणणं आहे. तिचे वडील द्राक्षबागेत कामाला जातात. त्यांना दोन वेळा बोलावून "समजावण्यात" आलं.

मी चौदाही पानं वाचली. मुलीचं नाव, गाव, कॉलेज मी लिहिणार नाही आणि कोणी खाली लिहिलं तर कमेंट काढून टाकीन. पण पेपरात काय आहे ते सांगणार आहे. कारण माफी मागायला लावणाऱ्यांपैकी मला भेटलेल्या एकानेही तो वाचलेला नाही.

आधी आपण ज्याला "सप्तशती" म्हणतो ते काय आहे ते बघू. नवरात्रात घरोघरी जी पोथी उघडते, त्यात सगळं एकसारखं नाही. मूळ सप्तशती म्हणजे मार्कंडेय पुराणातले तेरा अध्याय. म्हणून तर आपण गडासमोरच्या डोंगराला मार्कंडेयाचा डोंगर म्हणतो, आणि देवीची मान किंचित कललेली आहे ती ऋषीचा पाठ ऐकण्यासाठी, असं मानतो. पण पोथीत या तेरा अध्यायांच्या आधी कवच, अर्गला, कीलक अशी स्तोत्रं असतात. ती पाठाची अंगं, त्या तेरा अध्यायांचा भाग नव्हेत. तिसरा थर टीकाकारांचा. नागोजीभट्टांची टीका आहे, भास्कररायांची गुप्तवती आहे. आणि सगळ्यात वरचा थर आपल्या कानावर पडतो तो, म्हणजे निरूपणकार, प्रवचनकार आणि यूट्यूबवरचे महाराज सांगतात तो अर्थ.

पेपरात त्या मुलीने हे चार थर वेगळे केलेत. एवढं एक काम केलं तरी अर्धं भांडण मिटतं, कारण एका थरावरचा आक्षेप दुसऱ्यावर ढकलता येत नाही.

आता एकेक बघा.

अर्गला स्तोत्रात भक्त देवीकडे रूप, जय, यश मागतो. त्याच ओघात एका श्लोकात तो पत्नी मागतो. कशी, तर सुंदर आणि आपल्या मनाप्रमाणे वागणारी. कवचातही तसंच. देवीच्या वेगवेगळ्या रूपांनी माझ्या अवयवांचं, मुलांचं रक्षण करावं असं म्हणता म्हणता "माझ्या भार्येचं रक्षण भैरवीने करावं" अशी मागणी येते. म्हणजे या दोन्ही ठिकाणी पाठ म्हणणारा माणूस पुरुष आहे असं गृहीत आहे. हे कोणाचं मत नाही, संस्कृत व्याकरण आहे. बाई हे स्तोत्र म्हणायला बसली की ती स्वतःसाठी मनाप्रमाणे वागणारी बायको मागते. म्हणून कित्येक घरांत बायका तिथे "पत्नी"च्या जागी "पती" म्हणतात. माझी मावशी तसंच म्हणायची. कोणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, "शिकवायचं काय त्यात? मला नवरा आहे, बायको नाही."

मावशीने केलं ते स्त्रीवादी टीकाच होती, फक्त तिला तसं नाव ठाऊक नव्हतं. पाठ कोणासाठी लिहिलाय हे तिने ओळखलं, त्यात आपल्याला जागा नाही हे ओळखलं, आणि पाठ न सोडता जागा करून घेतली. तिची देवीवरची श्रद्धा तसूभरही कमी झाली नाही. मुलीच्या पेपरात हेच चार परिच्छेदांत आणि तळटिपांसह आहे, एवढाच फरक.

आता मूळ तेरा अध्यायांकडे या. इथे मला पेपर सगळ्यात आवडला, कारण इथे ती मुलगी पोथीची बाजू घेते.

पाचव्या अध्यायातली गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. चंड आणि मुंड देवीला बघतात आणि जाऊन शुंभाला तिचं वर्णन सांगतात. शुंभ सुग्रीव नावाचा दूत पाठवतो. निरोप असा की, तिन्ही लोकांतली रत्नं आमच्याकडे आहेत, ऐरावत आमच्याकडे, उच्चैःश्रवा आमच्याकडे. तू स्त्रियांमधलं रत्न आहेस. रत्नं भोगणारे आम्ही, तेव्हा तू आमच्याकडे ये, माझी हो नाहीतर माझ्या भावाची हो. देवी शांतपणे उत्तर देते की तू म्हणतोस ते खरं, पण मी पूर्वी कमी बुद्धीने एक प्रतिज्ञा करून बसले आहे. युद्धात जो मला जिंकेल तोच माझा नवरा. दूत चिडतो. गर्व करू नकोस, नाहीतर केस धरून ओढत नेतील, अशी धमकी देतो. पुढे धूम्रलोचनाला हुकूम मिळतो तोही केस धरून आणण्याचाच. तो धावून येतो आणि देवीच्या नुसत्या हुंकाराने भस्म होतो.

आता यावर निरूपण कसं होतं? एका नवरात्रात मी स्वतः ऐकलंय. वक्ते म्हणाले, बघा, साक्षात जगदंबासुद्धा स्वतःला अल्पबुद्धी म्हणवून घेते, मग आजकालच्या मुलींना एवढा गर्व कशाचा? समोर दोनशे बायका बसल्या होत्या. काही हसल्या, काही माना खाली घालून वाती करत राहिल्या.

पेपर विचारतो, हा अर्थ श्लोकातून निघतो का? बघा ना, हे बोलणं कोणाशी चाललंय, कशासाठी चाललंय. जो तिला वस्तू समजून मागायला आलाय, त्याच्या दूताला देवी म्हणते की काय करू बाबा, बुद्धी कमी म्हणून असली प्रतिज्ञा करून बसले. हा टोमणा आहे. पुढच्या पाच अध्यायांत शुंभाची सगळी सेना आणि शेवटी तो स्वतःही मातीला मिळतो, तेव्हा बुद्धी कोणाची कमी होती ते पोथीच सांगते. तो टोमणा संदर्भातून उचलून बायकांना शिकवण म्हणून देणं हे निरूपणकाराचं कर्तृत्व आहे, पोथीचं नाही. आणि "स्त्री म्हणजे रत्न, रत्नावर मालकी पुरुषाची" हा विचार पोथीत आहे का? आहे, पण तो असुराच्या तोंडी आहे. ज्याच्या तोंडी तो घातला, त्याचं पुढे काय झालं ते आपण दर नवरात्रात वाचतो. आणि लग्नपत्रिकेत "कन्यारत्न" छापतो.

दुसरं उदाहरण देवीच्या जन्माचं. दुसऱ्या अध्यायात सगळ्या देवांचं तेज एकत्र येतं आणि त्यातून देवी प्रकटते, देव तिला आपापली शस्त्रं देतात. यावरून सर्रास सांगितलं जातं की देवीची शक्ती मुळात देवांची, पुरुषांनी दिली म्हणून तिला मिळाली. पण पहिल्याच अध्यायात मेधा ऋषी सुरथ राजाला सांगतात की ती नित्य आहे. देवांच्या कार्यासाठी ती प्रकट होते, तेव्हा लोक तिला "जन्मली" म्हणतात. त्याच अध्यायात ब्रह्मदेव तिची स्तुती करताना कबूल करतात की विष्णूला, मला आणि शंकराला शरीर धारण करायला लावलंस ते तूच. आणि दहाव्या अध्यायात शुंभ जेव्हा टोमणा मारतो की तू दुसऱ्यांच्या बळावर लढतेस, तेव्हा देवी म्हणते की या जगात मी एकटीच आहे, माझ्याहून दुसरी कोण? सगळ्या शक्ती तिच्यात विलीन होतात. म्हणजे "दुसऱ्यांच्या बळावर" हा आक्षेपही पोथीने असुराच्याच तोंडी दिलाय आणि तिथल्या तिथे खोडलाय. दुसरा अध्याय सांगायचा आणि पहिला-दहावा गाळायचा, ही निवड सांगणाऱ्याची आहे. पेपरात "पुरुषी अर्थलावणी" असा शब्द वापरलाय तो या निवडीसाठी.

मग पोथी सगळी निर्दोष आहे का? ती मुलगी तसंही म्हणत नाही, आणि म्हणून तिचा पेपर प्रामाणिक आहे. अकराव्या अध्यायात जगातल्या सगळ्या स्त्रिया देवीचीच रूपं आहेत असं देव म्हणतात. पण सगळ्या कथेत देवीकडून वर मिळवणारी माणसं कोण? सुरथ राजा आणि समाधी वैश्य. एक राज्य मागतो, दुसरा ज्ञान मागतो. दोघंही पुरुष. समाधीला घरातून बायको-मुलांनी हाकललंय, पण त्या बायकोची बाजू कुठेच येत नाही. देवी बलाढ्य आहे म्हणून बाई बलाढ्य होते असं आपोआप घडत नाही. अभ्यासकांनी हा प्रश्न पूर्वीच उचललाय. आल्फ हिल्टेबाइटल आणि कॅथलीन अर्न्डल यांनी २००० साली संपादित केलेल्या पुस्तकाच्या नावातच विचारलंय की देवी स्त्रीवादी आहे का. त्यात या तेरा अध्यायांवर स्वतंत्र लेख आहे. तेव्हा "कॉलेजच्या पोरीला काय कळतं" म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की ती एका चालू असलेल्या अभ्यासात आपली भर घालतेय.

आणि "आमच्याच धर्मावर का?" या प्रश्नाचं उत्तरही देऊन टाकते. फक्त आपल्यावर नाही. एलिझाबेथ श्युस्लर फिओरेन्झा यांनी १९८३ साली बायबलच्या नव्या कराराबद्दल हेच काम केलं. अमीना वदूद यांचं कुराणाकडे बाईच्या नजरेने बघणारं पुस्तक १९९२ मध्ये आलं. दोघीही आपापल्या धर्माच्या आत उभ्या राहून बोलल्या आणि दोघींनाही घरच्यांचेच शिव्याशाप मिळाले.

आता त्या एका वाक्याकडे येते, ज्याचा फोटो फिरला. वाक्य असं आहे: "अशा स्तोत्रांमुळे स्त्रिया आपली गुलामी आनंदाने स्वीकारतात."

हे वाक्य मला पटत नाही. तिच्या पेपरात ते राहायला नको होतं आणि हे मी तिला तोंडावर सांगितलं. कारण बाकीच्या पानांत वाक्याचा कर्ता पोथी आहे, टीका आहे, निरूपण आहे. इथे एकदम कर्ता बदलला आणि "स्त्रिया" आल्या. स्तोत्रात काय लिहिलंय हे वाचून कळतं. ते म्हणणाऱ्या बाईच्या मनात काय आहे हे वाचून कळत नाही, त्यासाठी बाईला विचारावं लागतं. मुलीने एकाही बाईला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर माझ्या मावशीसारख्या पन्नास जणी भेटल्या असत्या, ज्यांनी श्लोकच बदलून टाकलाय. काही अशाही भेटल्या असत्या ज्यांना अर्थ माहीत नाही, त्या नादासाठी, मनाच्या शांतीसाठी म्हणतात. काही अशा, ज्या अर्थ मान्य करून म्हणतात.

चैत्रात खानदेशातून उन्हातान्हात अनवाणी चालत येणाऱ्या बायाबापड्या बघा. त्यांचं देवीशी नातं संस्कृत अर्गलेतून आलेलंच नाही. ते नवसातून, ओटीतून, गाण्यांतून, अंगात येण्यातून आलंय. त्यांच्यावर अर्गलेचा परिणाम काय झाला हे कसं सांगणार? पोथीवरून थेट भक्तावर उडी मारली की टीका चुकीची होते. नुसती उद्धट नाही, चुकीची.

पण तीच उडी उलट्या बाजूने तो फोटो फिरवणाऱ्यांनी मारलीय. पोथीच्या अर्थावर बोललं म्हणजे भक्ताला बोललं, असं म्हणताना तेही भक्त आणि पोथी एकच धरतात. निरूपणकाराचा अर्थ चुकला म्हटलं तर अपमान निरूपणकाराचा होईल फार तर. तो लाखो भक्तांच्या नावावर का मांडायचा?

हा फरक किती महत्त्वाचा आहे त्याचं एक जुनं मराठी उदाहरण देते. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यात सतीच्या प्रथेला वेदाचा आधार आहे का, हा प्रश्न येतो. आधार म्हणून ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातली एक ऋचा दाखवली जायची. तिच्यात "अग्रे" असा शब्द आहे, म्हणजे पुढे, आधी. सतीच्या बाजूने उद्धृत करताना त्याचं "अग्नेः" झालं होतं. एक अक्षर बदललं आणि "पुढे जा"चं आगीत जाणं झालं. रमाबाईंनी मॅक्स म्युलरच्या आधाराने हा बदल वाचकांपुढे ठेवला आणि दोष पुरोहितांना दिला.

आज त्यातलं काय टिकलंय बघा. हा बदल कोणी मुद्दाम केला की नकलताना, छापताना झालेली चूक, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. म्हणजे माणसांवरचा आरोप वादात अडकला. पण पाठावरचा मुद्दा कोणीही हलवू शकत नाही. ती ऋचा नवरा हयात असलेल्या स्त्रियांना उद्देशून आहे, तिच्यात आग नाही, आणि लगेच पुढची ऋचा विधवेला सांगते की ऊठ, जिवंतांच्या जगात परत ये. सव्वाशे वर्षांनंतरही हे कोणालाही पोथी उघडून तपासता येतं. पाठावरच्या टीकेची ताकद ही असते. माणसांच्या हेतूबद्दल बोललात की भांडण लागतं आणि मूळ मुद्दा त्यात बुडतो.

रमाबाईंचं पुढे काय झालं तेही आठवा. त्यांनी १८८३ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. मग "अग्रे"वर बोलायची कोणाला गरजच उरली नाही, बाई बाटली म्हटलं की काम भागलं. आज या मुलीच्या बाबतीत तेच चाललंय. तिला विचारतात, तू नवरात्र करतेस का, घट बसवतेस का, तुझी जात कोणती. अहो, पाचव्या अध्यायात तो शब्द टोमणा आहे की शिकवण, हे तिच्या जातीवरून ठरणार आहे का?

कायद्याचं म्हणाल तर धार्मिक भावना दुखावण्याचं कलम, पूर्वीचं २९५ अ आणि आताच्या भारतीय न्याय संहितेतलं २९९, हे बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने केलेल्या अपमानासाठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ सालीच सांगितलंय की असा हेतू नसलेला अपमान त्या कलमात बसत नाही. अर्ज देणाऱ्यांनी वकिलाला विचारून घ्यावं. तळटिपा असलेला, चर्चासत्रात उभं राहून वाचलेला पेपर त्यात कसा बसवणार ते मलाही ऐकायचंय.

शेवटी आपल्याच गडावरचं एक. २०२२ मध्ये देवीच्या मूर्तीवरचा शेंदराचा थर काढण्याचं काम झालं. पिढ्यान् पिढ्या साचलेला थर, शेकडो किलो शेंदूर. जुलैपासून मंदिर दर्शनाला बंद होतं आणि नवरात्राला मूळ रूपाचं दर्शन खुलं झालं. तेव्हाही काही जण कुरकुरले होते, आम्हाला हीच देवी माहीत आहे म्हणून. पण कोणी असं म्हटलं का, की शेंदूर काढला म्हणजे देवीचा अपमान झाला? किंवा इतकी वर्षं शेंदूर वाहणारे भक्त मूर्ख ठरले? नाही. शेंदूर भक्तीनेच लागला होता आणि भक्तीनेच उतरवला. मूर्तीला जे चाललं ते पोथीला का चालू नये, हा माझा साधा प्रश्न आहे.

म्हणून माझं म्हणणं असं. मुलीने माफी मागायची नाही. नवव्या पानावरचं ते वाक्य तिने बदलायचं ठरवलंय, कारण त्याला पुरावा नाही, धमकी मिळाली म्हणून नव्हे. तिच्या वडिलांना बोलावणं आजपासून बंद व्हावं. आणि ज्यांना पेपर चुकीचा वाटतो त्यांनी पाचवा, पहिला आणि दहावा अध्याय उघडून बसावं आणि तिचा अर्थ कुठे चुकला ते लिहावं. चांगलं लिहिलंत तर या भिंतीवर मी स्वतः शेअर करीन. निरूपणकार महाराजांनी उत्तर दिलं तर तेही करीन, एक शब्द न कापता.

फक्त श्लोकावर बोला. तिच्यावर नको.